तंबाखू सोडायची तर फोन लावण्याइतकाच परत आलेला फोन उचलणेही महत्त्वाचे

औंढा नागनाथच्या बसस्थानकाजवळ पानटपरीवर उभ्या असलेल्या कोणाच्याही हातातली तंबाखूची पुडी उलटून पाहिली, तर चित्राखाली एक क्रमांक छापलेला दिसतो : १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक पुडीवर आणि पाकिटावर छापणे कंपन्यांना बंधनकारक आहे. पुडी फाडणाऱ्याच्या नजरेखालून तो दिवसातून दहा वेळा जातो. तो लावल्यावर पुढे काय होते, समोरचा माणूस काय विचारतो, किती वेळ बोलतो आणि त्याने नेमका काय फरक पडतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

अनेकांची समजूत अशी की, फोन लावला की कोणीतरी तंबाखूचे दुष्परिणाम सांगणार आणि औषधाचे नाव देणार. तसे होत नाही, म्हणून एकदा फोन करून 'काही उपयोग नाही' असे म्हणणारेही भेटतात. या सेवेची रचना समजून घेतली, तर चूक कुठे होते ते कळते. पहिला फोन ही केवळ नोंदणी आणि तयारी असते. खरे काम त्यानंतर केंद्राकडून जे फोन येतात, त्यांत होते. आणि गावाकडचा माणूस नेमके तेच फोन उचलत नाही.

फोनच्या पलीकडे कोण असते?

राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइन मे २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. सुरुवातीला सगळा देश एकाच केंद्रावर अवलंबून होता. २०१८ मध्ये मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय, बंगळुरूची निमहान्स आणि गुवाहाटीची डॉ. भुवनेश्वर बरुआ कर्करोग संस्था अशी आणखी तीन केंद्रे जोडली गेली. प्रादेशिक भाषांत बोलता यावे, हा त्यामागचा मुख्य हेतू. मराठी माणसाला आपल्या भाषेत बोलायला मिळण्याची वाट त्यातून मोकळी झाली.

फोन विनामूल्य आहे. दिल्ली केंद्राने ठरवलेली वेळ सकाळी ८ ते रात्री ८ आणि सोमवारी सुट्टी. फोन लागल्यावर आधी ध्वनिमुद्रित आवाज भाषा निवडायला सांगतो. मग बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक असतो. तो औषध लिहून देत नाही, तपासणी करत नाही आणि रागावतही नाही.

महाराष्ट्रात या सेवेला विशेष अर्थ आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडचा प्रश्न सिगारेटचा कमी आणि चुना लावून मळलेल्या तंबाखूचा, मिश्रीचा, गुटख्याचा अधिक आहे. परदेशातल्या अशा सेवा मुख्यतः सिगारेटसाठी उभ्या राहिल्या. इथल्या समुपदेशकाला मात्र गालात धरलेल्या बाराविषयी बोलावे लागते, आणि ते बोलणे वेगळे असते.

पहिल्या फोनमध्ये काय विचारतात?

एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण औंढा तालुक्यातल्या कोणत्याही गावात असा माणूस भेटेल. वय ४२, पाच एकर शेती, सोयाबीन आणि थोडी हळद. पंधराव्या वर्षापासून तंबाखू खातो. मुलीने पुडीवरचा क्रमांक लावून फोन त्याच्या हातात दिला आहे.

समुपदेशक आधी नाव, वय, गाव, शिक्षण, काम अशी नोंद करते. मग पहिला महत्त्वाचा प्रश्न येतो : "दादा, सकाळी उठल्यावर पहिला बार किती वेळाने लावता?"

"उठलं की लगेच. तोंड धुयाच्या आधी."

हा प्रश्न सहज विचारलेला नसतो. शरीरातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. रात्रभराच्या झोपेत ते जवळजवळ संपते. जो माणूस उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत, आणि त्यातही पहिल्या पाच मिनिटांत तंबाखू घेतो, त्याचे शरीर निकोटिनवर जास्त अवलंबून असते. ज्याला दुपारच्या जेवणापर्यंत आठवणही येत नाही, त्याला सवय असते, पण शरीराची ओढ कमी असते. दोघांसाठीची योजना एकच असू शकत नाही.

पुढचे प्रश्न याच धाग्याने येतात. दिवसातून किती बार? एक बार किती वेळ तोंडात राहतो? रस थुंकता की गिळता? रात्री तोंडात ठेवून झोपता का? आजारी असताना, ताप असतानाही लागते का? चुना किती? चुन्याचा प्रश्न ऐकून लोकांना नवल वाटते. पण चुन्यामुळे तंबाखू अल्कधर्मी होते आणि निकोटिन मोकळे होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात लवकर जाते. म्हणजे चुना हा केवळ चवीचा भाग नाही. तलफ भागवण्याचा वेग त्याच्यावर ठरतो.

आपल्या उदाहरणातला शेतकरी दिवसाला १२ ते १४ बार लावतो, एकेक बार अर्धा-अर्धा तास ठेवतो आणि जेवणानंतर रस गिळतो. त्याने पूर्वी दोनदा सोडायचा प्रयत्न केला. एकदा चार दिवस, एकदा सतरा दिवस.

इथे समुपदेशक थांबते आणि विचारते, "सतरा दिवस सोडली होती, म्हणजे जमत होतं. अठराव्या दिवशी काय झालं?"

उत्तर येते : रात्रीची लाइट होती. मोटार चालू करायला शेतात गेला. सोबतच्या माणसाने पुडी पुढे केली. झोप येऊ नये म्हणून एक बार घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू.

पहिल्या फोनमधली सर्वांत उपयोगाची माहिती हीच. घरचे लोक जुन्या प्रयत्नाला अपयश म्हणतात. समुपदेशकासाठी तो नकाशा असतो, कारण पुढच्या वेळी माणूस कुठे घसरणार ते तिथे दिसते. या माणसाची अडचण सकाळची तलफ असेल असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात तो सतरा दिवसांच्या सकाळी पार करून गेला होता आणि पडला तो रात्रीच्या पाण्यावर.

तारीख ठरवणे : सोमवारचा पेच

यानंतर सोडण्याची तारीख ठरते. 'हळूहळू कमी करतो' याला समुपदेशक सहसा दिवस जोडायला लावतात. कमी करायचे असेल तर करा, पण शून्यावर कोणत्या दिवशी येणार ते सांगा. ही तारीख फार लांब नसावी. आठवडा-दोन आठवड्यांच्या आत असावी. लांबच्या तारखेपर्यंत मन निवते.

शेतकरी म्हणतो, "सोमवारी सोडतो. नागनाथाचा वार हाय. मंदिरात जाऊन पुडी टाकून येतो."

औंढ्यात हे उत्तर स्वाभाविक आहे. ज्योतिर्लिंगाचे गाव, सोमवारचा उपवास आणि देवापुढे सोडलेली वस्तू परत तोंडात घालायची नाही ही भावना. ती भावना समुपदेशकाने खोडू नये, कारण तो त्या माणसाचा स्वतःचा आधार आहे. पण सोमवारी केंद्राला सुट्टी. त्या दिवशी फोन लागणार नाही. म्हणून ती योजना अशी मांडते : सोमवारी सोडा, त्या दिवसाची तयारी रविवारीच करून ठेवू, आणि मंगळवारी सकाळी आमचा फोन येईल.

रविवारची तयारी म्हणजे ठोस कामे. घरातली, सदऱ्याच्या खिशातली, ट्रॅक्टरच्या डब्यातली पुडी आणि चुन्याची डबी काढून टाकायची. ज्यांच्याबरोबर बार लावला जातो, अशा दोघा-तिघांना आधीच सांगून ठेवायचे. खिशात बडीशेप, लवंग किंवा भाजलेले जवस ठेवायचे. सुपारी मात्र नाही. सुपारी हीच कर्करोगाला कारणीभूत ठरते आणि तंबाखू सोडताना सुपारीवर गेलेला माणूस एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडतो.

मग तलफ आल्यावर काय करायचे याची तालीम होते. तलफेची लाट साधारण पाच ते दहा मिनिटांत ओसरते, मग बार घेतलेला असो वा नसो. त्यामुळे काम एवढेच की ती मिनिटे ढकलायची. थोडे थांबायचे, खोल श्वास घ्यायचे, घोट-घोट पाणी प्यायचे, हाताला दुसरे काम द्यायचे. हे ऐकायला फारच साधे वाटते. म्हणून चांगला समुपदेशक ते सांगून सोडत नाही, वदवून घेतो. "रात्री मोटारीवर गेलात, शेजारच्याने पुडी पुढे केली, तुम्ही काय म्हणाल?" शेतकरी अडखळतो. मग म्हणतो, "सोडली म्हणीन." "तो म्हणाला, एकानं काय होतंय?" इथे शेतकरी गप्प होतो, आणि त्या गप्प होण्यावर पुढची पाच मिनिटे बोलणे होते. शेवटी तोच उपाय काढतो : पाण्याच्या रात्री थर्मासमध्ये चहा न्यायचा आणि महिनाभर त्या शेजाऱ्याऐवजी धाकट्या भावाला सोबत घ्यायचे.

परत येणारे फोन कशासाठी?

पहिला फोन संपताना समुपदेशक पुढच्या फोनची वेळ ठरवते. इथेच या सेवेचा कणा आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याची हेल्पलाइन १९९२ मध्ये सुरू झाली. तिथल्या शू-हाँग झू या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३,०३० धूम्रपान करणाऱ्यांवर केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त माहितीपुस्तिका, दुसऱ्याला पुस्तिका आणि एक फोन, तिसऱ्याला पुस्तिका आणि सहापर्यंत फोन. वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेले लोक पहिल्या गटात ५.४ टक्के, दुसऱ्यात ७.५ आणि तिसऱ्यात ९.९ टक्के निघाले.

या अभ्यासातली खरी गोष्ट फोनच्या संख्येपेक्षा त्यांच्या वेळेत आहे. सोडल्यानंतरचे फोन आठवड्याला एक असे सारख्या अंतराने ठेवले नव्हते. ते पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी ठेवले होते. कारण पुन्हा सुरू करणारे बहुतेक लोक पहिल्या काही दिवसांतच घसरतात. चिडचिड, झोप न लागणे, डोके जड होणे, भूक वाढणे, शौचाला साफ न होणे हे त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचतात आणि दोन ते चार आठवड्यांत निवळतात. जिथे धोका दाट, तिथे फोन दाट. पुढे जगभरच्या हेल्पलाइनवर याच तत्त्वाचा प्रभाव राहिला. प्रत्येक केंद्राचे दिवस थोडे वेगळे असतात, पण सुरुवातीला जवळजवळ आणि नंतर लांबवत नेण्याची रीत तीच.

सोमवारी सोडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याचे गणित मांडून पाहू. पहिला दिवस मंगळवार, तिसरा गुरुवार. दोन्ही दिवशी फोन येऊ शकतो. सातवा दिवस पुन्हा सोमवार, चौदावाही सोमवार. ते दोन्ही फोन मंगळवारवर ढकलावे लागतात. एका दिवसाने आभाळ कोसळत नाही, पण हे आधी माहीत असले तर 'सात दिवसांनी फोन करतो म्हणाल्या आणि केलाच नाही' असा गैरसमज होत नाही.

नंतरचे फोन लहान असतात, दहा मिनिटांचे. मंगळवारी विचारणा होते : काल किती वेळा तलफ आली, सर्वांत अवघड वेळ कोणती, काय केले? गुरुवारी शेतकरी सांगतो की बायकोवर उगाच ओरडला आणि शौचाला होत नाही. समुपदेशक सांगते की हे निकोटिन उतरण्याचे लक्षण आहे, आजार नाही. पाणी वाढवा, भाजी-कोशिंबीर वाढवा आणि घरात सांगून ठेवा की हे आठवडाभराचे आहे. एवढ्या दोन वाक्यांनी माणूस टिकतो, कारण 'सोडल्यानेच तब्येत बिघडली' हा तंबाखूकडे परत जाण्याचा सर्वांत जुना युक्तिवाद तिथेच संपतो.

नवव्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्यात शेतकरी एक बार घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वाटते, मोडलेच आता. चौदाव्या दिवसाचा फोन येतो तेव्हा तो उचलायची लाज वाटते. अनेकांची गोष्ट इथेच संपते. फोन उचलला, तर समुपदेशक विचारते, "एक बार घेतला. त्यानंतर आजपर्यंत किती?" उत्तर येते, तीन. म्हणजे पाच दिवसांत चार बार. पूर्वी तेवढे सकाळी दहापर्यंत होत असत. घसरणे आणि परत सुरू होणे यांतला फरक ती आकड्यानेच दाखवते. मग आजचीच तारीख नवी धरली जाते आणि लग्नसराईतल्या उरलेल्या दोन कार्यक्रमांसाठी वेगळी योजना होते.

लाज वाटून न उचललेला फोन हाच बहुधा सर्वांत उपयोगी पडणारा फोन असतो.

औषधाचे काय?

ज्याला उठल्याबरोबर तंबाखू लागते, त्याला नुसत्या बोलण्यावर सोडणे जड जाते. अशा वेळी समुपदेशक डॉक्टरकडे किंवा जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू मुक्ती केंद्राकडे जायला सांगतो. निकोटिनची २ मिलिग्रॅमची चघळगोळी औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. पण ती च्युइंगमसारखी सतत चघळली तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, मळमळते, उचकी लागते आणि माणूस 'मानवत नाही' म्हणून फेकून देतो. ती थोडी चावून, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, संवेदना गेली की पुन्हा थोडी चावायची. गालात बार धरणाऱ्याला हे शिकवायला वेळ लागत नाही. गोळीच्या आधी पाव तास आणि गोळी तोंडात असताना चहा घ्यायचा नाही, कारण त्यामुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. गरोदर बायका आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मिस्ड कॉल आणि मेसेज

दुसरी सोय मेसेजची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या सहकार्याने केंद्र सरकारने २०१६ च्या सुरुवातीला मोबाइलवरचा तंबाखू मुक्ती कार्यक्रम सुरू केला. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की नोंदणी, असा तो जाहीर झाला. लाखो लोकांनी नोंदणी केली. नोंदणीनंतर साधारण सहा महिन्यांनी केलेल्या पाहणीत सुमारे ७ टक्के लोकांनी तंबाखू सोडल्याचे सांगितले.

७ टक्के हा आकडा लहान वाटतो. पण मेसेज पाठवायला माणूस लागत नाही, रांग लागत नाही, सोमवारची सुट्टी लागत नाही. एक लाख लोकांना पाठवण्याचा खर्च आणि एक हजारांना पाठवण्याचा खर्च यांत फार अंतर नसते.

असा कार्यक्रम कसा चालतो, याचा चांगला नमुना ब्रिटनमध्ये आहे. तिथे ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. सोडण्याच्या तारखेभोवतीचे पाच आठवडे रोज पाच मेसेज, नंतर सहा महिने आठवड्याला तीन. तलफ आली की एक ठरावीक शब्द पाठवायचा, लगेच उत्तर येते. घसरलो तर दुसरा शब्द. सहा महिन्यांनी लाळेची तपासणी करून पाहिले, तेव्हा मेसेज मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते.

इथेही तत्त्व फोनचेच आहे : सुरुवातीला दाट, पुढे विरळ. फरक असा की मेसेज विचारू शकत नाही की अठराव्या दिवशी काय झाले होते. रात्रीच्या पाण्याची गोष्ट त्याला कळत नाही. म्हणून मेसेज हे फोनच्या बदल्यात नव्हे, फोनच्या जोडीला घ्यायचे. दोन फोनच्या मधल्या मोकळ्या दिवसांत ते आठवण ठेवतात.

शिवाय मेसेज वाचता यायला हवा आणि फोन स्वतःचा हवा. मिश्री लावणाऱ्या अनेक वयस्कर बायकांकडे या दोन्ही गोष्टी नसतात. घरातला एकच फोन मुलाच्या खिशात. सासू मिश्री सोडते आहे याचा मेसेज मुलगा वाचतो आणि पुसून टाकतो. अशांसाठी लिहिलेल्या मेसेजपेक्षा मराठीतला बोलका निरोप जास्त उपयोगी, आणि त्याहून उपयोगी म्हणजे आशाताईने आपल्यासमोर लावून दिलेला फोन.

कुठे अडते?

या सेवेची सर्वांत मोठी गळती तंत्रज्ञानात नाही, अनोळखी क्रमांकात आहे. १८०० ने सुरू होणारे क्रमांक फोन घेण्यासाठी असतात. परत येणारा फोन त्याच क्रमांकावरून दिसेल असे धरून चालू नये. शेतात असताना दिल्ली-मुंबईचा अनोळखी क्रमांक दिसला, तर आजकाल शहाणा माणूस तो उचलत नाही. फसवणुकीच्या फोनांनी लोकांना हेच शिकवले आहे आणि ते बरोबरही आहे. पण त्या सावधपणात समुपदेशकाचा फोनही कापला जातो.

यावर उपाय सोपा आहे, पण तो दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. फोन करणाऱ्याने पहिल्याच वेळी विचारून घ्यावे : परत फोन कोणत्या क्रमांकावरून येईल, कोणत्या वारी, किती वाजता? तो क्रमांक नाव देऊन साठवून ठेवावा. शेतात आवाज येत नसेल तर संध्याकाळची वेळ मागून घ्यावी. आणि एक खूणगाठ बांधावी की तंबाखू सोडवण्यासाठी आधार क्रमांक, बँकेचे खाते किंवा ओटीपी लागत नाही. जो ते मागेल तो समुपदेशक नाही.

सरकारी बाजूने, परत येणारे फोन एकाच ओळखीच्या क्रमांकावरून यावेत आणि त्याआधी मराठीत एक मेसेज जावा, एवढी व्यवस्था न परवडणारी नाही. पुडीवर क्रमांक छापायला लावणारी यंत्रणा हेही करू शकते. सोमवारच्या सुट्टीचाही फेरविचार व्हावा. तंबाखू सोडणाऱ्याच्या पहिल्या आठवड्यात एक सोमवार येतोच.

दुसरी गळती खुद्द पुडीशी आहे. क्रमांक छापलेल्या पुडीवर असतो. टपरीवर घोटून प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून दिलेल्या माव्यावर किंवा खर्ऱ्यावर कोणताच क्रमांक नसतो. राज्यात २०१२ पासून बंदी असलेला आणि तरी चोरून विकला जाणारा गुटखा घेणाऱ्याकडूनही पाकीट निरखून पाहण्याची अपेक्षा नाही. या लोकांपर्यंत क्रमांक पोहोचवायचा तर तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर, रेशन दुकानाच्या फळ्यावर, महाशिवरात्रीच्या यात्रेतल्या आरोग्य कक्षावर हवा.

तिसरी मर्यादा समजून घेण्याची आहे. फोनवरून तोंड दिसत नाही. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागताच आग होणे, तोंडात आपलीच तीन बोटे उभी न मावणे यांपैकी काही असेल, तर हेल्पलाइनची वाट न पाहता दंतवैद्याला किंवा सरकारी रुग्णालयात तोंड दाखवावे. तंबाखू सोडणे आणि तोंड तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. एक केले म्हणून दुसरे टळत नाही.

जमते आहे हे कसे ओळखायचे?

महिन्याच्या फोनला समुपदेशक पुन्हा पहिला प्रश्न विचारते : सकाळी उठल्यावर आठवण कधी येते? आपल्या शेतकऱ्याचे उत्तर बदललेले असते. उठल्याबरोबर नाही, चहानंतर येते. दिवसातून दोन-तीनदा येते आणि जाते. रात्रीच्या पाण्यावर अजून अवघड जाते.

हे पूर्ण यश नाही आणि अपयशही नाही. ही या टप्प्याची खरी स्थिती आहे. शरीराची ओढ उतरली, जागेची आणि सोबतीची ओढ उरली. पुढचे काम त्या एका जागेवर करायचे, म्हणून पुढचा फोन रब्बीच्या पाणीपाळीच्या आठवड्यात ठेवला जातो.

हेल्पलाइन जादू करत नाही. वर दिलेले आकडे तेच सांगतात. अनेक फोन होऊनही शंभरांतले बरेच जण पहिल्या खेपेला सोडत नाहीत. पण एका फोनवर थांबलेला आणि सगळे फोन उचललेला यांच्यातला फरक त्याच आकड्यांत दिसतो. पुडीवरचा क्रमांक लावायला हिंमत लागते, हे खरे. आठवड्याने, एक बार घेऊन झाल्यावर, वाजणारा फोन उचलायला त्याहून जास्त लागते.